४८ स्लाइड, कांद्याची एक मान आणि साठ सेकंदांची स्क्रिप्ट

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचं काम आलं. त्यांच्याकडे कांदा साठवणुकीवरची ४८ स्लाइडची पीपीटी होती, त्यांचे कृषी सल्लागार सर ती दरवर्षी दोन तासांच्या प्रशिक्षणात चालवतात. अध्यक्षांचं म्हणणं असं की प्रशिक्षणाला पन्नास-साठ जण येतात आणि बाकीचे सभासद तेव्हा शेतात असतात, तर ह्याच पीपीटीचं एक रील करून द्या, उन्हाळ कांद्याची काढणी जोरात सुरू व्हायच्या आत. आणि मिनिटाच्या वर नको. ही अट ऑफिसमधल्या ताईंची होती, कारण त्यांच्याकडे सगळं व्हॉट्सॲप स्टेटसवर फिरतं आणि मिनिटभराचा व्हिडिओ स्टेटसला न तुटता जातो. इन्स्टावर आता तीन मिनिटांचं रील चालतं हे मी सांगून पाहिलं, ताई म्हणाल्या, "दादा, आमचे लोक इन्स्टावर नाहीत." विषय तिथेच संपला आणि बरोबरच संपला.

ह्या कामात स्क्रिप्ट लिहायला मला एक संध्याकाळ लागली. त्याआधी काय लिहायचं हे ठरवायला चार दिवस गेले. म्हणून हे प्रकरण नीट मांडतोय, कारण लांबलचक पीपीटीवरून रील करताना गाडी जिथे अडते ती जागा हीच असते.

पीपीटीत काय काय होतं ते आधी सांगतो. सुरुवातीला राज्यातलं कांद्याचं क्षेत्र, बाजारभावाचे चढउतार, साठवणुकीत होणारं नुकसान. मग जाती, लागवडीचं अंतर, खतं, पाणी कधी तोडायचं, काढणी, सुकवणी, प्रतवारी, मग कांदा साठवायच्या चाळीवरच्या तब्बल अकरा स्लाइड (दिशा, तळाची हवा, रुंदी, ढिगाची उंची, छप्पर), मग अनुदान, रोग आणि शेवटी आभार. माहिती उत्तम होती, सरांनी मनापासून केलेली. पण दोन तासांच्या वर्गासाठी रचलेली गोष्ट आधी पार्श्वभूमी सांगते आणि कामाचं मधल्या पानात ठेवते. वर्गात ते चालतं कारण माणूस चहा पिऊन बसलेला असतो. फोनवर नाही चालत.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते चुकलं. पीपीटीतली सगळ्यात जोरदार स्लाइड म्हणून मी नुकसानीची उचलली. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के कांदा वजनघट, सड आणि मोड ह्यात जातो, असा आकडा तिथे होता. आकडा मोठा, फोटो दमदार, म्हटलं झालं काम. ड्राफ्ट लिहून ताईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, हे आम्हाला माहितीये की, आमच्या घरचाच गेलाय. तेव्हा लक्षात आलं की दणकेबाज आकडा आणि दमदार कल्पना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्याने ओळखीचं दुखणं परत दाखवलं, पण ऐकणाऱ्याच्या हातात काहीच आलं नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला तो आकडा बातमी वाटेल. चाळवाल्याला ती स्वतःच्या घरची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी बैठक मारून नीट केलं. प्रत्येक स्लाइडचं एका वाक्यात म्हणणं वहीत उतरवलं, आणि वाक्याची अट अशी की त्यात "म्हणून" किंवा "नाहीतर" आलंच पाहिजे. "चाळीची उभारणी" हे शीर्षक झालं, म्हणणं नाही. "ढीग पाच फुटांच्या वर नको, नाहीतर खालचा कांदा दबतो" हे म्हणणं. ह्या चाळणीतून ४८ पैकी १९ स्लाइड उरल्या, बाकी शीर्षकं, फोटो, तक्ते आणि आभार. मग त्या १९ वाक्यांमध्ये बाण काढले, कुठलं वाक्य कुठल्या वाक्यावर उभं आहे ते बघायला. चाळीला खालून हवा मिळाली तर कांदा टिकतो, पण कधी, तर आत गेलेला कांदा सुकलेला असेल तर. ढिगाची उंची बरोबर ठेवली तर टिकतो, पण तेव्हाही कांदा सुकलेला असेल तरच. जात टिकाऊ निवडली तरी तेच. बाण काढता काढता दिसलं की अर्ध्याहून जास्त बाण एकाच ठिकाणी येऊन थांबतायत, स्लाइड ३१, आणि त्या स्लाइडवर सहा मुद्द्यांमधला पाचवा मुद्दा: "साठवणुकीपूर्वी मान पूर्ण सुकलेली असावी."

सहामधला पाचवा. फोटो नाही, ठळक अक्षर नाही.

आता कागदावर बाण जुळले म्हणून कल्पना पक्की झाली असं मी धरत नाही. तिसऱ्या दिवशी सरांना भेटायला त्यांच्या शेडवर गेलो आणि म्हटलं पीपीटी नका उघडू, एखादा शेतकरी फाटकातून ओरडून विचारतोय की सर, चाळ भरू का, तर त्याला काय सांगाल तेवढं सांगा. सरांनी बोलायच्या आधी बाजूच्या ढिगातला एक कांदा उचलला आणि माझ्याकडे बघतच अंगठा आणि तर्जनीमध्ये त्याची मान, म्हणजे वर पात फुटते तो भाग, दाबली. मग दुसरा उचलला, परत दाबली. म्हणाले, "हे आधी. हे झालं नसेल तर पुढचं काही विचारूच नका."

मीही दाबून बघितल्या. सुकलेली मान बोटात कागदासारखी कुरकुरते, आतमध्ये काही हलत नाही. न सुकलेली वरून तशीच पिवळट-तपकिरी दिसते पण दाबली की आत मऊ लागतं, आणि जरा जोर दिला तर आतले ओले पापुद्रे एकमेकांवरून सरकतात ते बोटाला कळतं. सरांनी दोन्ही उभे चिरून दाखवले. एकाच्या मानेत मधोमध हिरवट ओला धागा, दुसऱ्याची मान पार मिटलेली. सड करणारी बुरशी आणि जिवाणू आत शिरतात ते बऱ्याचदा ह्याच उघड्या वाटेनं, आणि सुकवणीचं मोठं काम म्हणजे ती वाट बंद करणं.

ही कृती पीपीटीत कुठेच नव्हती. स्लाइडवर होती ती फक्त तिची औपचारिक सावली, "मान पूर्ण सुकलेली असावी". कशी ओळखायची ते सरांच्या बोटात होतं. म्हणून पीपीटी कितीही भरगच्च असली तरी ती ज्याने केली त्याला भेटल्याशिवाय मी स्क्रिप्ट लिहीत नाही. माणूस बोलताना हाताने जे करतो ते स्लाइडवर उतरलेलं नसतं आणि कॅमेऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

चाळीची बांधणी का नाही घेतली, हे अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा जीव त्या अकरा स्लाइडमध्ये होता आणि रास्त होता, कारण सभासदांनी अनुदान घेऊन चाळी बांधाव्यात ही त्यांची दोन वर्षांची खटपट. मी त्यांना सांगितलं की ह्या काढणीला कोणी नवी चाळ बांधू शकणार नाही, त्याला पैसे लागतात, कागदपत्रं लागतात, जागा लागते, साठ सेकंद बघून माणूस हळहळेल आणि फोन खिशात टाकेल. मान दाबायला मात्र काही लागत नाही, रील बघता बघता तो शेजारच्या ढिगातला कांदा उचलू शकतो. अनुदानाचं वेगळं रील करू, पावसाळ्यानंतर, जेव्हा लोक बांधकामाचा विचार करतात. ते मान्य झालं.

इथून स्क्रिप्ट. माझा हिशोब साधा आहे, साठ सेकंदांत सावकाश, गावात बोलतात तसं बोललेले शंभर ते एकशे दहा मराठी शब्द बसतात. त्याच्या वर गेलं की बोलणारा बातम्या वाचल्यासारखा पळतो. हे मोजायचं ते मनात वाचून नाही, मोठ्याने वाचून, फोनचं स्टॉपवॉच लावून. मनात वाचताना आपण श्वास घेत नाही म्हणून दहा-बारा सेकंद सहज कमी भरतात. आणि पूर्ण साठ सेकंद बोलण्याने भरायचे नाहीत, चार-पाच सेकंद नुसत्या कृतीला ठेवायचे.

पहिल्या ड्राफ्टमध्ये एक ओळ अशी होती: "काढल्यावर तीन ते पाच दिवस शेतात वाळवा, मग पात कापा, मग चाळीत." पंधरा-वीस शब्द वाचवले म्हणून मी खूश होतो. सरांना पाठवलं तर पाच मिनिटांत फोन. हे असं गेलं तर नुकसान करेल, म्हणाले. कारण स्लाइड ३० वर त्या तीन ते पाच दिवसांना एक अट चिकटलेली होती: उपटलेला कांदा ओळीत असा मांडायचा की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल. सुकायची ती मान आणि पात, कांद्याच्या अंगावर एप्रिलचं थेट ऊन नको, नाहीतर तो भाजतो, साल निघते आणि तो टिकायचा नाही. माझ्या ओळीत "शेतात" राहिलं आणि "पातीखाली" गळून गेलं. शिवाय पात खांडल्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत पसरून ठेवायचं, ते मी "मग चाळीत" म्हणून उडवलंच होतं.

ह्या चुकीवर जरा थांबतो, कारण ही मला सगळ्यात महागात पडली असती. लांब मजकूर छोटा करताना आपण विशेषणं काढतो, उदाहरणं काढतो, इथपर्यंत ठीक. पण बऱ्याच वाक्यांमध्ये एक अट लपलेली असते आणि ती दिसायला विशेषणासारखीच असते. ती काढली की वाक्य छोटं होत नाही, खोटं होतं. तेव्हापासून मी काटछाट झाल्यावर प्रत्येक ओळ मूळ स्लाइडशेजारी ठेवतो आणि एकच बघतो, की ही ओळ जशीच्या तशी पाळणाऱ्या माणसाचं नुकसान होऊ शकतं का. होत असेल तर एक तर अट परत आणायची, नाहीतर ओळच काढायची. अर्धी ओळ ठेवायची नाही.

त्या फोनमुळेच दुसरा बदल झाला. सर बोलता बोलता म्हणाले की तीन ते पाच आणि दहा-बारा हे दिवस हवामानावर मागेपुढे होतात, ढगाळ असलं किंवा अवकाळी आला की हिशोब बिघडतो. म्हणजे दिवस हा अंदाज झाला आणि मान ही खात्री. माझ्या ड्राफ्टमध्ये उलटं होतं, आधी दिवसांचं वेळापत्रक, शेवटी मान. ते फिरवलं. मान सुरुवातीला, दिवस मधे, आणि शेवटी परत मान.

शूटला गेलो तेव्हा हातात असलेली स्क्रिप्ट ही:

० ते ९ सेकंद. चित्र: हाताचा क्लोजअप, अंगठ्याने मान दाबली जाते. आवाज: "कांद्याची मान अशी दाबून बघा. मऊ लागली, आतून सरकली, तर हा कांदा अजून चाळीत जायचा नाही."

९ ते २३. चित्र: दोन कांदे पाटीवर, उभे चिरतात, मान जवळून. आवाज: "हे दोन कांदे एकाच वाफ्यातले. ह्याच्या मानेत बघा, अजून ओल आहे. सड आत शिरते ती ह्याच वाटेनं. आणि ह्याची मान मिटलीये, वाट बंद."

२३ ते २८. चित्र: न चिरलेले दोन कांदे शेजारी. आवाज: "वरून दोन्ही सारखे दिसतात. म्हणून दाबूनच ठरवा."

२८ ते ४५. चित्र: शेतातल्या ओळी, पात कांद्यावर, विळ्याने खांडणी, सावलीतला पातळ थर. आवाज: "काढल्यावर तीन ते पाच दिवस शेतात, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर. मग इंचभर मान ठेवून खांडा. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत, पातळ पसरून."

४५ ते ५५. चित्र: ढिगाच्या वेगवेगळ्या जागेतून कांदे उचलणारा हात. आवाज: "आणि चाळ भरायच्या दिवशी ढिगातून इकडचे तिकडचे वीस कांदे घ्या. विसाच्या वीस माना दाबा."

५५ ते ६०. आवाज नाही. नुसती मान दाबली जाते, कुरकुर ऐकू येते. कोपऱ्यात कंपनीचं नाव.

सगळे मिळून पंच्याऐंशीच्या आसपास शब्द. "वीस कांदे" हा सरांचा हाताशी धरलेला आकडा, त्याला कुठल्या नियमाचा आधार नाही, पण "काही कांदे तपासा" म्हटलं तर माणूस वरचे दोन बघतो, आकडा दिला की ढिगाच्या पोटात हात घालतो. "इंचभर" पण मुद्दाम, पीपीटीत दोन ते अडीच सेंटिमीटर होतं, खांडणाऱ्या बाया सेंटिमीटरने मोजत नाहीत. "खांडा" हा शब्द मी "कापा" लिहिला होता, ताईंनी बदलला, आणि त्या एका शब्दाने रील त्यांच्या गावचं झालं.

अध्यक्षांना सुरुवातीला लोगो आणि "नमस्कार शेतकरी बंधूंनो" हवं होतं. ती पाच सेकंदं. मी दोन्ही कट करून दाखवले, एकात नमस्कार, एकात थेट अंगठा, आणि ऑफिसमध्ये चहा द्यायला आलेल्या मुलाच्या हातात फोन दिला. नमस्कारवाला त्याने अंगठ्याने पुढे ढकलला. दुसऱ्यावर थांबला. अध्यक्षांनी ते बघितलं आणि मला पुढे बोलावं लागलं नाही.

शूटमध्ये एकच गोष्ट अवघड गेली, ती म्हणजे ओली मान कॅमेऱ्यात दिसणं. बोटाला जे स्पष्ट कळतं ते डोळ्याला कळत नाही, हाच तर रीलचा मुद्दा, पण चित्रात काहीतरी दिसायला हवं ना. चिरलेल्या मानेवर वरून ऊन पडलं की सगळं पांढरं होत होतं. शेवटी कांदा सावलीत घेतला, बाजूने उजेड येऊ दिला, तेव्हा ओला भाग चमकला आणि सुका तसाच मळकट राहिला. आणि कुरकुरीचा आवाज फोनच्या माइकला पकडता येईना, वाऱ्यामुळे. तो नंतर बंद खोलीत, माइक वितभर अंतरावर धरून वेगळा रेकॉर्ड केला.

पडद्यावरचा मजकूर फक्त चार ठिकाणी ठेवला: "मान दाबा", "ओली मान = सडीची वाट", "पात कांद्यावर झाकून", "वीस कांदे तपासा". खूप जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे ह्या चार पाट्या वाचून पण गोष्ट कळली पाहिजे, ही परीक्षा मी आवाज शून्य करून घेतो. पाट्या पडद्याच्या वरच्या-मधल्या भागात, कारण उभ्या व्हिडिओत खालचा पट्टा नाव आणि बटणांखाली जातो. एक बारीक गोष्ट, देवनागरीला ओळींमधलं अंतर जरा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत घुसते आणि मोबाइलवर काही वाचता येत नाही.

रील द्यायच्या आदल्या दिवशी एका सभासदाच्या मळ्यात खांडणी चालू होती तिथे गेलो. सात-आठ जणी होत्या. त्यातल्या एका मावशींना आवाज बंद करून रील दाखवलं आणि काही न बोलता उभा राहिलो. त्यांनी पूर्ण बघितलं, फोन माझ्या हातात दिला, समोरच्या ढिगातले तीन-चार कांदे दाबून बाजूला काढले. मग एक कांदा वर धरला, मान अंगठ्याएवढी जाड, आणि म्हणाल्या, "ह्याचं काय? ही जाड मान बारा दिवसांत काय, महिन्यात सुकायची नाही."

बरोबर होतं. जाड मानेचा कांदा कितीही पसरून ठेवला तरी नीट मिटत नाही, उशिरापर्यंत नत्र दिलं की अशा माना जास्त निघतात, आणि असे कांदे चाळीत न टाकता आधीच विकून मोकळं व्हायचं. पीपीटीत हे स्लाइड ३३ वर होतं. साठ सेकंदांच्या रीलला ते सांगता आलं नाही आणि मी कोंबलंही नाही, कारण त्यासाठी पातीची अट काढावी लागली असती. तसंच मान दाबून मोड येणार का ते कळत नाही, काढताना खोरं लागून आत दुखावलेला कांदाही मानेवरून ओळखू येत नाही, त्यालाही प्रतवारीच लागते. हे रीलसोबत जाणाऱ्या मेसेजमध्ये तीन ओळींत लिहून दिलं.

आणि मावशींचा तो प्रश्न, त्यांच्याच आवाजात, दुसऱ्या रीलची पहिली ओळ म्हणून घेतला. त्यांना विचारलं चालेल का, तर म्हणाल्या, चालेल, पण पदर नीट करून घेऊ दे.